सोळाच्या जागी बत्तीस

त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा टेस्टर ठेवायचा. लग्नात हार घालताना खिशातला टेस्टर खाली पडला म्हणे, आणि नवरदेव हार सोडून आधी टेस्टर उचलायला वाकला. बायको हे ज्याला त्याला सांगायची. त्याला राग यायचा नाही. उलट म्हणायचा, "हार पडला असता तर काही बिघडलं नसतं. टेस्टरची काच फुटते."

एकतीस वर्षं वायरमनचं काम केलं त्याने. माणूस कामाला चोख, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आवरायचा नाही. तुम्ही बल्ब बदलायला बोलावलं, तर तो वॅट म्हणजे काय इथून सुरुवात करणार. गिऱ्हाईक जांभया देतंय, दूध उतू जातंय, ह्याचं आपलं चालूच. लोक त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि शंका विचारायची चूक पुन्हा करायचे नाहीत.

सख्खी मुलगीही त्यातलीच. म्हणून तर तिने घरातला विजेचा ब्रेकर सारखा पडतो हे बापाला सांगितलंच नाही. सांगितलं काकांना.

काका म्हणजे टेस्टरचा भागीदार. रक्ताचं नातं नाही, पण मुलीला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला गेला तो हाच, आणि तिच्या लग्नात बापापेक्षा जास्त रडला तोही हाच. दोघांनी तरुणपणी मिळून काम सुरू केलं तेव्हाच वाटणी ठरली होती: भिंतीच्या आतलं सगळं भागीदाराचं, भिंतीच्या बाहेरचं सगळं टेस्टरचं. म्हणजे भिंत फोडणं, पाइप टाकणं, त्यातून वायर ओढणं हे भागीदार करणार. बोर्ड, ब्रेकर, जोडणी, तपासणी आणि शेवटी कागदावर सही हे टेस्टर करणार, कारण लायसन्स त्याच्या नावावर. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. "तू ओढलीस ना? मग झालं," असं टेस्टर म्हणायचा. एवढा शंकेखोर माणूस, दुकानदाराने दिलेला नवा बल्बसुद्धा लावून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, पण भागीदाराने ओढलेली वायर त्याने एकदाही पुन्हा तपासली नाही. ह्याला तो मैत्री म्हणायचा.

त्या रविवारी तो मुलीकडे गेला तो सहज. नात दारातच पायाला बिलगली. जावई वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. मुलगी आतल्या खोलीत शाळेच्या गणवेशांचा ढीग घेऊन इस्त्री करत होती. शिवणकाम ती वर्षभरापासून करत होती, आणि आता एका शाळेचं कामच मिळालं होतं. रोज सकाळी वीस-पंचवीस फ्रॉक दाबून द्यायचे.

"नवीन इस्त्री?" त्याने विचारलं.

"दोन महिने झाले, बाबा. वाफेची आहे. जुनीने चुण्या बसतच नव्हत्या." मग ती हसली. "आणि घाबरू नका, आता ब्रेकर पडत नाही."

"आता?"

मुलीने जीभ चावली. जावयाने वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

"आधी पडायचा का?"

"अहो बाबा, सकाळी गिझर आणि इस्त्री एकदम चालू असली की पडायचा. कधी दहा मिनिटांनी, कधी वीस. परत लावला की पाचच मिनिटांत परत. हे डोक्याला साबण लावून ओरडतायत, मी इस्त्री धरून ओरडतेय. काकांना फोन केला. ते आले, दहा मिनिटांत करून गेले. पंधरा दिवस झाले, एकदा नाही पडला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दीड तास समजावून सांगितलं असतं, आणि शेवटी इस्त्री वापरू नको म्हणाला असतात."

जावई वर्तमानपत्राआडून हसला. टेस्टरलाही हसू आलं, कारण पोरगी काही खोटं बोलत नव्हती. पण भागीदार रोज दुकानात भेटतो. पंधरा दिवसांत एकदाही म्हणाला नाही, तुझ्या लेकीकडे जाऊन आलो म्हणून. हे मात्र त्याच्या मनाला टोचलं.

"दहा मिनिटांत काय केलं त्याने?" असं म्हणत तो दाराशेजारच्या ब्रेकरच्या पेटीकडे गेला आणि झाकण उघडलं.

पेटी त्याने स्वतः बसवलेली होती, नऊ वर्षांपूर्वी. प्रत्येक ब्रेकरखाली त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी: दिवे, स्वयंपाकघर, गिझर, आतली खोली. गिझरच्या चिठ्ठीवर त्याने सोळा अँपिअरचा ब्रेकर लावला होता. आता तिथे नवाकोरा ब्रेकर होता आणि त्यावर लिहिलं होतं, बत्तीस.

टेस्टर बघतच राहिला. चष्मा काढून पुसला, परत घातला. बत्तीस तो बत्तीसच.

"काय झालं?" मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"काही नाही," तो म्हणाला, आणि हे त्याच्या तोंडून ऐकून मुलगीच घाबरली. बाबा आणि एवढं छोटं उत्तर?

जावई उठून आला. "बत्तीस म्हणजे मोठा ना? जास्त ताकदीचा. मग चांगलंच की."

दुसऱ्या वेळी टेस्टरने त्याला आडवा घेतला असता. आता तो हळू आवाजात म्हणाला, "ब्रेकर गिझरला वाचवत नाही, जावईबापू, आणि इस्त्रीलाही नाही. तो वाचवतो भिंतीतल्या वायरला. वायर जेवढा भार सोसते, त्याच्या आत ब्रेकर पडला पाहिजे. ह्या भिंतीत अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची वायर आहे. पाइपातून जाताना वीस-एकवीस अँपिअर म्हणजे तिला डोक्यावरून पाणी. म्हणून मी सोळा लावला होता. बत्तीस लावला म्हणजे वायर जळून कोळसा झाली तरी हा बसून बघणार."

"पण मग सोळाचा पडत का होता?" मुलगी म्हणाली. "खराब असेल ना?"

"गिझरवर काय लिहिलंय?"

"तीन हजार वॅट."

"भागिले दोनशे तीस व्होल्ट. तेरा अँपिअर. इस्त्री?"

तिने आत जाऊन इस्त्री उलटी करून वाचलं. "दोन हजार."

"आठ-पावणेनऊ. दोन्ही मिळून बावीसच्या आसपास. सोळाचा ब्रेकर बावीसला लगेच नाही पडत. त्याच्या पोटात पट्टी असते, ती तापून वाकायला वेळ लागतो. इस्त्री मधेच आपोआप बंद होते, तेवढ्यात पट्टी जरा निवते. म्हणून कधी दहा मिनिटं, कधी वीस. आणि लगेच परत लावला की पट्टी अजून गरमच, म्हणून पाच मिनिटांत. ब्रेकर खराब नव्हता. शहाणा होता. जुनी इस्त्री साडेसातशेची, म्हणजे सव्वातीन अँपिअर. तेरा आणि सव्वातीन, सोळाला टेकलं, इतकंच. म्हणून नऊ वर्षं कुणाला काही कळलं नाही."

आणि इथे तो थांबला. बेरीज बरोबर होती. पण बेरीज करायचीच कशाला? गिझरची वायर वेगळी, आतल्या खोलीची वेगळी. चिठ्ठ्या दोन, ब्रेकर दोन. इस्त्रीचा भार गिझरच्या ब्रेकरवर यायचं कारणच काय?

"इस्त्री चालू ठेव," तो मुलीला म्हणाला. त्याने 'आतली खोली' लिहिलेला ब्रेकर खाली पाडला. "गेली?"

"नाही, बाबा. दिवा चालू आहे इस्त्रीचा."

मग त्याने तो वर केला आणि गिझरचा पाडला.

"गेली!"

त्याने मेन बंद केला, पेचकस काढला आणि 'आतली खोली'च्या ब्रेकरमधली वायर सोडवली. हलकीच ओढली. खरं तर ओढावी लागलीच नाही. भिंतीतल्या पाइपातून हातभर वायर सरळ त्याच्या हातात आली. टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली. मग तिची जोडीदार, न्यूट्रलची, तीही तेवढीच. पलीकडे काही नाहीच. नऊ वर्षं तो ब्रेकर शोभेचा होता.

टेस्टर पेटीखालच्या स्टुलावर बसला. त्याला ते दिवस आठवले, आणि आठवायला नको होते असं झालं. तेव्हा त्याची टाच मोडलेली होती, शिडीवरून पडून. भागीदारानेच पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं. घर मुलीचं, नवं, राहायला यायची घाई. प्लास्टरातला पाय पुढे करून टेस्टर असाच स्टुलावर बसला, पेटी जोडली आणि चाचणी घेतली. चाचणी कशी? हा इथून एक ब्रेकर वर करणार, भागीदार आत जाऊन सॉकेटला दिवा लावून बघणार. इथून हाक, तिथून उत्तर.

"आतली खोली! आलं का?"

"आलं!"

तिथे काही आलेलं नव्हतं. येणं शक्यच नव्हतं. आणि तो आतून खणखणीत आवाजात "आलं!" म्हणाला. इकडे ह्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली.

"बाबा, पाणी देऊ?"

"हातोडी दे," तो म्हणाला.

गिझरची वायर आतल्या खोलीत बाथरूमच्या दारावरून जात होती. तिथल्या भिंतीला त्याने हात लावला. सकाळभर गिझर आणि इस्त्री चालली होती. भिंत कोमट होती. एके ठिकाणी रंग किंचित पिवळा पडला होता. मुलीला वाटत होतं, ओल आली असेल. त्याने तिथेच प्लास्टर फोडलं. दोन बोटं आत लोखंडी डबी लागली, वर गिलावा करून बुजवलेली. डबीत गिझरच्या वायरला आतल्या खोलीच्या सॉकेटकडे जाणारी दुसरी वायर पिळून जोडली होती आणि वर टेप. टेपचं काळं डांबर वितळून डबीच्या तळाला ओघळलं होतं. वायरचं आवरण तपकिरी झालं होतं, नखाने टोकरलं तर बिस्किटासारखं मोडलं. जळका वास खोलीभर पसरला.

"हे पंधरा दिवसांत झालं?" जावयाने विचारलं. आता त्याचं वर्तमानपत्र कुठे पडलं होतं कोण जाणे.

"बत्तीस लावल्यापासून. त्याआधी जास्त तापायला लागलं की ब्रेकर पडत होता. म्हणजे ओरडून सांगत होता. त्याने ओरडणाऱ्याचंच तोंड दाबलं."

"काकांनी?" मुलगी म्हणाली. "काकांना माहीत नसेल, बाबा. चुकून लावला असेल."

त्याने मुलीकडे पाहिलं. बिचारी अजून माणसाला सावरून घ्यायला बघत होती. वीस मिनिटांपूर्वी त्यानेही तेच केलं असतं. पण ही डबी बुजवणारा हात आणि बत्तीसचा ब्रेकर लावणारा हात एकच होता. नेमका कुठे भार पडतोय हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने ह्या भिंतीखालून ह्या पोरीला ये-जा करू दिली. ह्याला केसाने गळा कापणं म्हणतात, दुसरं काही नाही.

त्याने गिझरची वायर पेटीतून सोडवली, टोकं बंद केली, ब्रेकर काढून खिशात टाकला. "गिझर बंद. पाणी गॅसवर तापवा. इस्त्री स्वयंपाकघरात लाव, त्या सॉकेटची वायर वेगळी आहे." मग थांबला आणि म्हणाला, "थांब, आधी बघतो." आणि तीही भिंत हाताने चाचपली, मेन लावून ब्रेकर पाडून पाहिला, सॉकेट उघडून पाहिला. मुलगी बघत होती. बाबांना काकांचं काम तपासताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

भागीदार रविवारीही दुकानात बसायचा. वायरची भेंडोळी लावत होता. टेस्टर आत आला आणि बत्तीसचा ब्रेकर टेबलावर ठेवला. भागीदाराने ब्रेकर पाहिला, मग टेस्टरच्या शर्टावरची प्लास्टरची धूळ पाहिली.

"फोडलंस?" एवढंच तो म्हणाला.

"अरे, लाज वाटत नाही?" टेस्टरचा आवाज फुटला. इतका वेळ जपून आणलेला संताप एकदम बाहेर आला. "ती तुला काका म्हणते! पोर झोपते त्या खोलीत! दुसऱ्या कुणाच्या घरी केलं असतंस तर एक वेळ..."

"पाइप बुजला होता," भागीदार खाली बघत म्हणाला. "स्लॅब ओतताना सिमेंट शिरलं होतं आत. आतल्या खोलीची वायर जाईना. नवी भिंत फोडायची तर एक दिवस, आणि फरशीवाले दारात उभे. तुझी टाच मोडलेली. म्हटलं, आत्ता गिझरच्या लायनीवरून घेतो, मग बघू."

"मग? नऊ वर्षांत मग आलं नाही?"

"कसं सांगणार होतो? तू सही करून बसला होतास."

"तू आलं म्हणालास म्हणून केली! तिच्या घरी जेवायला बसायचास, तेव्हा त्या भिंतीकडे बघवायचं कसं रे तुला?"

भागीदाराने तोंड पुसलं, ब्रेकर उचलला, परत ठेवला. "साडेसातशेच्या इस्त्रीला काही होणार नव्हतं. मी हिशेब केला होता. ती एवढी मोठी इस्त्री आणेल हे काय मला माहीत?"

"आणि फोन आला तेव्हा? तेव्हा तर कळलं ना? मला एक शब्द बोलला असतास. दोघांनी मिळून भिंत फोडली असती, मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि संध्याकाळी चहा प्यायलो असतो. तू सोळा काढून बत्तीस लावलास. माझं अक्षर असलेल्या चिठ्ठीवर. का?"

"घाबरलो," भागीदार म्हणाला. "तुला कळलं तर काय तोंड दाखवू म्हणून घाबरलो. ब्रेकर पडत राहिला असता, तर एक ना एक दिवस तू पेटी उघडली असतीस."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं, टेस्टरला ते ओळखू आलं, एकतीस वर्षांची ओळख होती. पण ते पाणी पोरीसाठी नव्हतं. पकडलो गेलो म्हणून होतं.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी दोघांना हात केला. दोघांनीही सवयीने हात वर केला. मग टेस्टरला एक गोष्ट सुचली. ही गोष्ट त्याने खरं तर विचारायला नको होती. पण पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने न विचारता सोडून दिलेली एकच गोष्ट होती, भागीदाराने ओढलेली वायर, आणि तिने काय केलं ते तो नुकतंच बघून आला होता.

"अजून कुठे कुठे केलंयस?"

भागीदार भेंडोळ्यावरची सैल वायर नीट गुंडाळायला लागला. एक फेरा, दोन फेरे, तीन. टेस्टर वाट बघत राहिला. त्याला वाटत होतं, आता हा चिडेल. काय रे, मला चोर समजतोस का, असं म्हणेल. त्याने तसं म्हणावं म्हणून टेस्टर देवाला हात जोडायला तयार होता.

"तुझ्या घरात नाही," भागीदार म्हणाला. "तुझ्या घराची वायर मी नीट ओढली आहे. मुलांची शपथ."

एकतीस वर्षांतली घरं टेस्टरच्या डोळ्यांपुढून जायला लागली. जिन्यावरचं म्हाताऱ्या नर्सबाईंचं घर. दोन शिक्षकांची जोडी. रंगाऱ्याचं घर, जिथे पाच पोरं. सगळीकडे पेटीखाली त्याचं अक्षर, कागदावर त्याची सही. आणि सगळ्यांनी घरी नेऊन चहा पाजताना हेच म्हटलं होतं, टेस्टरने केलंय म्हणजे बघायलाच नको.

त्याने टेबलावरची वही उघडली, कोरं पान काढलं आणि भागीदारापुढे सरकवलं.

"लिही," तो म्हणाला. "घर, आणि कुठली भिंत."

"एवढं जुनं आठवतंय कुणाला..."

"लिही."

भागीदाराने पेन घेतलं आणि खाली मान घालून लिहायला लागला. सुरुवातीला अडखळत, मग भराभर, न थांबता. टेस्टर समोर उभा राहून बघत होता. पान भरत आलं तशी त्याला वाटलं, आता संपलं. भागीदाराने शेवटची ओळ लिहिली, शाई वाळेपर्यंत थांबला आणि पान उलटलं.